हार्ट फेल्युअरनंतर घरी दिलेला सूचनांचा कागद: रोजचं वजन, दीड लिटर द्रव आणि फोन नक्की कधी करायचा?

कर्वेनगरी (शुक्रवार, सकाळ)

नमस्कार मंडळी. बाबांना काल दवाखान्यातून घरी आणलं. वय ७२. पायांवर सूज, आडवं झालं की खोकला, शेवटी रात्री उठून बसायची वेळ आली तेव्हा दाखल केलं. फुफ्फुसात पाणी झालं होतं. इकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलंय. इंजेक्शनं देऊन पाणी काढलं, आता लघवीची गोळी टॉर्सेमाइड, शिवाय स्पायरोनोलॅक्टोन आणि आणखी दोन-तीन गोळ्या चालू आहेत.

निघताना हातात एक पानी कागद दिला. त्यावर चारच ओळी आहेत. रोज वजन करा. द्रव पदार्थ दिवसाला दीड लिटर. मीठ कमी. ३ दिवसांत २ किलो वजन वाढल्यास कळवा. विचारायला गेलो तर काउंटरवर ही गर्दी, आणि बाबांना कधी एकदा घरी जातो असं झालेलं.

आता प्रश्न. दवाखान्यातल्या काट्यावर काल सकाळी ६१.८ भरलं. रात्री जेवण झाल्यावर घरच्या काट्यावर पाहिलं तर ६३.१! म्हणजे एका दिवसात १.३ किलो वाढलं समजायचं का? दुसरं, दीड लिटर म्हणजे नुसतं पाणी की आमटी, ताक, चहा धरून? आणि 'कळवा' म्हणजे कधी? रात्री दोन वाजता कळवायचं की सोमवारची ओपीडी गाठायची? आई काल रात्रभर झोपलेली नाही.

झुळूक (शुक्रवार, सकाळ)

वजन वाढत असेल तर आधी रात्रीचा भात बंद करा. संध्याकाळी सातच्या आत ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. आमच्या ह्यांचं असंच उतरलं, शिवाय रोज तळजाईला चालायला जातात.

खडकमाळ (शुक्रवार, सकाळ)

झुळूकताई, हे चरबीचं वजन नाही हो. अंगात पाणी साठतंय का ते बघायला वजन करायचंय. त्या बाबांना आत्ता तळजाई चढवू नका.

झुळूक (शुक्रवार, सकाळ)

अगं बाई, नीट वाचलंच नव्हतं. लवकर बरे होवोत.

निवृत्त_सिस्टर (शुक्रवार, दुपार)

कर्वेनगरी, मी बरीच वर्षं सीसीयूमध्ये काढली आहेत. असे कागद हातात देऊन कित्येकांना घरी पाठवलंय आणि त्यातले काही जण पुन्हा स्ट्रेचरवर येतानाही पाहिलेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते १.३ किलो डोक्यातून काढून टाका. दोन काटे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि रात्री जेवून पाणी पिऊन केलेलं वजन सकाळच्या वजनाशी तर मुळीच ताडायचं नाही. पाव लिटर पाणी प्यायलं की काट्यावर पाव किलो दिसणारच. उद्या सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, बंडी आणि लुंगीवर वजन करा. काटा गालिच्यावर किंवा पायपुसण्यावर ठेवू नका, सपाट फरशीवर ठेवा. जुन्या शहाबादी फरशीला उंचसखलपणा असतो, तेव्हा काटा डुगडुगत नाही अशी एक जागा शोधून तिथे खूण करा आणि रोज तिथेच ठेवा. जो आकडा येईल तो तुमच्या घरच्या काट्यावरचा मूळ आकडा. दवाखान्यातून पाणी काढून, सूज उतरवून पाठवलंय म्हणजे आत्ताचं वजन हेच त्यांचं कोरडं वजन धरून चालायचं. यापुढची सगळी तुलना या आकड्याशी. दवाखान्याचा ६१.८ फाइलमध्ये राहू दे.

वजनच का, तर सूज डोळ्यांना दिसायच्या आधी अंगात एखाद-दोन लिटर पाणी सहज मुरतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी रातोरात किलोभर चढत नाही, पाणी चढतं. धाप लागेपर्यंत थांबलात तर ते चार-पाच दिवस तुम्ही वाया घालवलेत.

रोज दोन-चारशे ग्रॅम इकडेतिकडे होणारच. पोट साफ झालं नाही तरी होतं. तेवढ्याने घाबरू नका. एकाच दिशेने चढत चाललंय का ते बघायचं.

कर्वेनगरी (शनिवार, सकाळ)

खूप धन्यवाद सिस्टर. आज सकाळी ६२.४ भरलं. कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशेबाशेजारीच. द्रवाचं पण सांगा ना. आई मोजूनमापून पाणी देते, पण बाबा म्हणतात आमटी हे जेवण आहे, पाणी नव्हे.

पर्वतीचा_आबा (शनिवार, सकाळ)

पाणी कमी प्यायलं की किडनीवर ताण येतो, हे लक्षात ठेवा. लघवीच्या गोळ्या देऊन पाणी काढायचं आणि वरून प्यायला पण द्यायचं नाही, हा काय प्रकार आहे? मिठाचं म्हणाल तर साधं मीठ बंद करून सैंधव सुरू करा. किंवा मेडिकलमध्ये कमी सोडियमवालं मीठ मिळतं ते. आमच्या घरी बीपीसाठी तेच वापरतो, काही त्रास नाही.

निवृत्त_सिस्टर (शनिवार, दुपार)

आबा, किडनीची काळजी अगदी रास्त आहे. फार कोरडं पाडलं तर क्रिएटिनिन चढतं, म्हणून तर मध्ये मध्ये रक्त तपासतात. पण ह्या माणसाचं हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय. त्यामुळे किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी आहे आणि ती मीठ-पाणी आणखी धरून ठेवते. वरून जास्त ओतलं तर ते लघवीत न जाता फुफ्फुसात आणि पायांत जातं.

मिठाचं मात्र तुमचं चुकतंय. सैंधवही सोडियमच, रंग गुलाबी म्हणून काही फरक पडत नाही. आणि कमी सोडियमवाल्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बाबांना स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, ती गोळी आधीच पोटॅशियम अंगात धरून ठेवते. दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोकेच बिघडतात. तुमच्या बीपीला चालतंय ते ह्यांना चालेलच असं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका.

आता आमटी. वाटीत ओतली की वाहते ते सगळं मोजायचं: पाणी, चहा, दूध, ताक, आमटीचं वरचं पाणी, कढी, सार, पेज, खीर, सरबत, गोळ्या घेताना प्यायलेलं पाणी. बर्फ आणि कुल्फीसुद्धा. भात, भाकरी, सुकी भाजी यांतलं पाणी मोजत नाहीत. कलिंगडाची एखादी फोड ठीक आहे, अर्धं कलिंगड संपवलं तर ते प्यायल्यासारखंच.

मोजायची सोपी रीत सांगते. सकाळी एका जगात दीड लिटर पाणी भरून ओट्यावर ठेवा. बाबा पाणी पितील ते त्यातूनच. चहा, ताक किंवा आमटी घेतली की त्याच कपाने किंवा वाटीने तेवढं पाणी जगातून काढून कुंडीत घाला. जग रिकामा झाला की दिवसाचा हिशेब संपला. घरातले पेले एकदा मापून ठेवा. आपला नेहमीचा स्टीलचा पेला बहुतेक घरांत पाव लिटरच्या आसपास भरतो आणि लोक तो 'घोटभर पाणी' म्हणून देतात!

कर्वेनगरी (शनिवार, रात्र)

जगाची युक्ती आईला फार आवडली. तुळस तरारणार आता. आज पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचलाच जग संपला. सकाळचे दोन चहा, दूध, नाश्त्याबरोबर पाणी, आमटी दोन वाट्या, ताक. रात्री चिडचिड झाली. ऊन किती आहे हे पुणेकरांना सांगायला नको.

खडकमाळ (रविवार, सकाळ)

माझ्या सासूबाईंच्या वेळचं सांगते. लहान कप घ्या, अमृततुल्यवाल्याचा असतो तेवढा. गोळ्या एकाच वेळच्या असतील तर एकाच घोटात जेवणाबरोबर. तोंड कोरडं पडलं की चूळ भरून थुंकायची, नाहीतर लवंग किंवा वेलदोडा. आवळा सुपारी मात्र नको, तिला मीठ लावलेलं असतं, मग तहान आणखी लागते. आमच्याकडे बरेच दिवस ही भानगड कळलीच नव्हती.

निवृत्त_सिस्टर (रविवार, दुपार)

खडकमाळताईंनी बरोबर नाडी पकडली. तहान मिठाने लागते. पाण्याची मापं काटेकोर आणि जेवणात लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, फरसाण, चहाबरोबर खारी, हे चालू असेल तर तो जग रोज साडेपाचलाच संपणार. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं ना, म्हणजे एका लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. उलटं बघा, अंगात ९ ग्रॅम मीठ अडकलं की त्याच्याबरोबर साधारण लिटरभर पाणी अडकून बसतं. दिवसभराचं सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा मीठ, म्हणजे ५ ग्रॅम, एवढ्यात भागवा. त्यासाठी बाबांच्या वाट्याचं मीठ सकाळीच डबीत काढून ठेवायचं.

आणि पोट गच्च वाटलं, ढेकर अडकली म्हणून ते फसफसणारं पित्ताचं चूर्ण पाण्यात घालून देऊ नका. त्यात सोडा असतो, म्हणजे पुन्हा सोडियम. शिवाय हार्ट फेल्युअरमध्ये पोट फुगणं आणि दोन घासांत पोट भरणं हे पुष्कळदा गॅसमुळे नसतं, यकृत-आतड्याकडे पाणी साठल्याने होतं.

पिंपळपान (रविवार, रात्र)

दीड लिटरची बंधनं आता जुनी झाली बरं का. २०२५ मध्ये नेदरलँड्समध्ये फ्रेश-अप नावाचा अभ्यास आला. ५०४ रुग्ण, अर्ध्यांना दीड लिटरचं बंधन, अर्ध्यांना हवं तेवढं प्या सांगितलं. तीन महिन्यांनी तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नाही, उलट बंधनवाल्यांना तहानेचा त्रास जास्त. बाबांना पिऊ द्या बिनधास्त.

निलेश_फिजिशियन (सोमवार, सकाळ)

पिंपळपान, अभ्यास खरा आहे आणि चांगलाही आहे. पण त्यात कोण होतं ते बघा. घरी राहून ओपीडीत येणारे, स्थिर झालेले रुग्ण. फुफ्फुसातलं पाणी काढून नुकतेच घरी गेलेले नाहीत. दुसरं असं की ज्यांना मोकळीक दिली ते सुद्धा सरासरी पावणेदोन लिटरच्या आसपासच प्यायले. 'हवं तेवढं' म्हणजे तीन-चार लिटर झालं तर काय होतं, ह्याचं उत्तर त्या अभ्यासातून मिळत नाही. आणि तो आपल्या पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये झालेला नाही, हाही मुद्दा आहेच, तो तुमच्या बाजूने धरा हवं तर.

मी स्वतः स्थिर रुग्णांना आता दीडवर अडवून धरत नाही. पण कागदावर दीड लिहून नुकतंच घरी पाठवलंय, तर पहिल्या भेटीपर्यंत दीडच पाळावं आणि भेटीत स्पष्ट विचारावं की किती दिवस. सरसकट सगळ्यांना जन्मभर दीड, असा नियम नाही.

भटकंती_सातारा_रोड (सोमवार, दुपार)

माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. तिला तर दिवसाला लघवी होते तेवढं अधिक अर्धा लिटर असं सांगितलंय. तुम्हाला दीड लिटर मिळतंय म्हणजे चैन आहे. तुम्हीपण लघवी मोजून त्यावर ठरवा.

निलेश_फिजिशियन (सोमवार, दुपार)

ते गणित डायलिसिसचं आहे, तिथे लघवी जवळजवळ थांबलेली असते. इथे गोळी घेतल्यावर लघवी भरपूर होणार आणि आपल्याला तेच हवंय. लघवी झाली म्हणून तेवढं पाणी परत पाजायचं नाही, नाहीतर गोळी दिली कशाला? आईंना लवकर आराम पडो.

कर्वेनगरी (गुरुवार, सकाळ ७ वाजता)

मंडळी, जरा तातडीने विचारतोय. वजनं लिहितो.
शनिवार ६२.४, रविवार ६२.३, सोमवार ६२.४, मंगळवार ६२.९, बुधवार ६३.६, आज ६४.२.

सोमवारपासून १.८ वाढलं. कागदावर ३ दिवसांत २ किलो लिहिलंय, म्हणजे अजून मर्यादेत आहे ना? बाबा म्हणतात मला काही होत नाही, उगाच डॉक्टरांना त्रास देऊ नकोस. पाणी जगातूनच चाललंय, हे मी छातीठोक सांगू शकतो. उद्याचं वजन बघून ठरवू का?

निवृत्त_सिस्टर (गुरुवार, सकाळ ७:२०)

उद्याची वाट बघायची नाही. आज दवाखाना उघडला की फोन करा. २ किलो हा आकडा कुंपणासारखा धरू नका. सलग तीन दिवस आकडा चढतोय आणि रोज अर्धा किलो किंवा त्याच्या वर चढतोय, ह्याचा अर्थ पाणी साठतंय. १.८ आणि २ मध्ये फक्त दुपारच्या ताकाचा फरक आहे. कुठे एका दिवसात किलोभर वाढलं तरी कळवा म्हणतात, कुठे आठवड्यात दोन-सव्वादोन किलो. आकडे थोडे वेगळे असले तरी मतलब एकच, जलद चढत असेल तर थांबायचं नाही.

फोन करायच्या आधी हे बघून ठेवा. नडगीवर अंगठ्याने थोडा वेळ दाबा, खड्डा राहतो का? मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटतो का? रात्री किती उशा लागतात, परवापेक्षा जास्त? चपलेचा पट्टा लावायला वाकले की दम लागतो का? झोपल्यावर खोकला येतो का? वडीलमाणसं 'काही होत नाही' म्हणतात आणि हळूच आरामखुर्चीत झोपायला लागतात. त्यांना विचारू नका, आईला विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोमवारनंतर घरात बदललं काय? पाणी तेवढंच आहे, मग मीठ वाढलं किंवा गोळी चुकली किंवा नवीन काहीतरी सुरू झालं. काही लग्नकार्य होतं? गुडघेदुखीची वगैरे गोळी?

बोलता बोलता दम लागला, बसूनही श्वास पुरेना, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले, ओठ निळसर दिसले, गुलाबी फेसाळ थुंकी आली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ १०८. बाबांना आडवं करायचं नाही, पाय खाली सोडून बसतं ठेवायचं.

कर्वेनगरी (गुरुवार, सकाळ ८:१०)

सिस्टर, तुम्ही तिथे बसून कसं ओळखलंत? सोमवारी आत्येभाऊ भेटायला आला होता. बाबांचे गुडघे दुखतात ऐकून त्याने मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असं लिहिलंय. सकाळ-संध्याकाळ घेतायत, उशीखाली ठेवलं होतं. आई म्हणते मंगळवारपासून दोनऐवजी तीन उशा घेतात. नडगीवर खड्डा राहतोय. बसल्या जागी दम नाही, नीट बोलतायत.

निवृत्त_सिस्टर (गुरुवार, सकाळ ८:१५)

हेच ते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, ह्या जातीच्या सगळ्या वेदनाशामक गोळ्या किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा असर मारतात. नव्या दमाची म्हणून देतात ती एटोरिकॉक्सिबही तशीच. पुढची गोळी देऊ नका. डॉक्टरांना वजनाचे सहा आकडे, उशा, खड्डा आणि गोळीचं नाव, ह्या क्रमाने सांगा. 'बाबांना बरं वाटत नाही' असं सांगितलंत तर सोमवारी या म्हणतील.

पर्वतीचा_आबा (गुरुवार, सकाळ)

लघवीची गोळी एक जास्त देऊन टाका की, लगेच उतरेल. माझा शेजारी स्वतःच वाढवतो-कमी करतो.

निलेश_फिजिशियन (गुरुवार, दुपार)

शेजाऱ्यांच्या डॉक्टरांनी तशी लेखी मुभा दिली असेल. काही रुग्णांना आम्ही देतो: अमुक वजन झालं तर इतके दिवस इतकी गोळी, आणि मग कळवा. ज्यांच्या हातात तसा कागद नाही त्यांनी करू नये. ह्या बाबांनी तीन दिवस एसिक्लोफेनॅक घेतलंय, किडनी आणि पोटॅशियम कुठे आहे माहीत नाही. अशात अंदाजाने डोस वाढवला तर चढलेलं क्रिएटिनिन आणखी चढेल किंवा बीपी पडेल.

भटकंती_सातारा_रोड (गुरुवार, दुपार)

उलटं पण होतं हे लिहून ठेवते. माझ्या मावशीला हार्टचाच त्रास आहे. मागच्या उन्हाळ्यात तिला दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या. पोटात काही ठरत नव्हतं, तरी लघवीच्या गोळ्या आणि साखरेची-हार्टची म्हणून देतात ती डापाग्लिफ्लोझिन नेमाने चालू ठेवली. वजन अडीच किलो उतरलं आणि आम्ही खूश, सूज गेली म्हणून! तिसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडली.

निलेश_फिजिशियन (गुरुवार, संध्याकाळ)

हा अनुभव कागदावर छापण्यासारखा आहे. वजन मूळ आकड्यापेक्षा दीड-दोन किलोने खाली आलं आणि उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर तोही त्याच दिवशी फोन करायचा दिवस. जुलाब-उलट्या किंवा खाणंपिणं बंद झालं असेल तर वजन बघत न बसता लगेच विचारा, यातल्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते डॉक्टर ठरवतील. सगळ्या एकदम बंद करणंही धोक्याचं आहे.

कर्वेनगरी (रविवार, सकाळ)

उशीर झाला कळवायला. गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर फोनवर मिळाले. सिस्टरांनी सांगितलेल्या क्रमाने सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. गुडघ्याची गोळी बंद, दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल. टॉर्सेमाइड तीन दिवस दुप्पट, मग पुन्हा मूळ डोस. रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.३ वरून १.६ झालं होतं, पोटॅशियम ५.१. पुन्हा आठवड्याने तपासायला सांगितलंय. वजन शुक्रवारी ६३.६, शनिवारी ६२.९, आज ६२.५. उशा परत दोन. आत्येभावाला फोन केला, त्याचा हेतू चांगलाच होता, काय बोलणार.

खडकमाळ (रविवार, सकाळ)

दाखल व्हावं लागलं नाही, केवढं बरं झालं! त्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघता गोळ्या दिल्याच कशा, हा वेगळा धागा होईल.

निवृत्त_सिस्टर (रविवार, दुपार)

छान उतरलं. एक पुढची गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण ती कागदावर कधीच नसते. ६२.४ हा आकडा कायमचा नाही. ह्या दुखण्यात भूक मंदावते, माणूस हळूहळू वाळतो. दोन-तीन महिन्यांत दंड-मांड्यांचं मांस दोन किलो कमी झालं आणि तेवढंच पाणी साठलं, तर काटा ६२.४ च दाखवेल आणि घरचे निर्धास्त राहतील. म्हणून आकडा स्थिर असूनही उशा वाढल्या, पँट कमरेला सैल पण पोटावर घट्ट, असं दिसलं तर काट्यावर विश्वास ठेवू नका. उलटही होतं, भूक सुधारून अंग धरलं की मूळ आकडा वर न्यावा लागतो. प्रत्येक भेटीत विचारा, 'आता कोरडं वजन किती धरायचं?' आणि तारखेसह लिहून घ्या.

पिंपळपान (रविवार, रात्र)

मान्य, माझ्या 'बिनधास्त'मधला बिनधास्तपणा मागे घेतो. पण उन्हाळ्यात दीड लिटर कठीण आहे, यावर मी ठाम आहे.

कर्वेनगरी (पुढचा शनिवार)

भेट झाली. क्रिएटिनिन १.४, पोटॅशियम ४.७. कोरडं वजन घरच्या काट्यावर ६२ धरायला सांगितलं, आणि द्रव मे संपेपर्यंत पावणेदोन लिटर, वजन चढलं तर परत दीड. पिंपळपान, अर्धं तुमचं, अर्धं निलेश डॉक्टरांचं झालं म्हणायचं. कागदावर रात्रीचा फोन नंबर लिहून घेतला. चौथी ओळ खोडून त्यांनी लिहिलं, '६३ च्या वर सलग दोन सकाळ किंवा एका दिवसात १ किलो वाढ, त्याच दिवशी फोन'. असा आकडा असला की आईला कळतं, वजाबाकी करत बसावं लागत नाही.

मीनल_औंध (शनिवार, संध्याकाळ)

सगळा धागा वाचला. आमच्या पप्पांना तर १ लिटर २०० मिलीच सांगितलंय, पंपिंग ह्यांच्यापेक्षा चांगलं असून. मग आम्हीपण पावणेदोन करू का?

निलेश_फिजिशियन (शनिवार, रात्र)

नका करू. पंपिंगच्या टक्क्यावर द्रवाचं माप ठरत नाही. शेवटच्या रिपोर्टमध्ये रक्तातलं सोडियम किती होतं? ते बरंच खाली असेल तर माप घट्ट ठेवतात.

मीनल_औंध (शनिवार, रात्र)

फाइल भावाकडे हडपसरला आहे. मागवून घेते आणि लिहिते.